सुविचाराखालची दुसरी ओळ

वाचकहो, सकाळी सहाच्या सुमारास आपला फोन उघडून पाहा. उगवता सूर्य, दवबिंदू ल्यालेले कमळ आणि त्यावर सोनेरी अक्षरांत एखादा सुविचार, अशी दहा-बारा चित्रे तरी तुमची वाट पाहत असतील. काही वेळा तर पाच-सहा चित्रांची माळच येते. बोटाने एक सरकवले की दुसरे पुढे येते. पाठविणाऱ्याच्या मनात माया असते, याविषयी मला शंका नाही. पण गेली अनेक वर्षे भौतिकोपचारासाठी घरोघरी जाताना मी या चित्रांचे एक दुसरे रूपही पाहिले आहे, आणि ते मला पुण्यातल्या एका आजींनी दाखविले.

आजींचे वय सत्त्याहत्तर. श्रावणात न्हाणीघरात पाय घसरला आणि डाव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले, हाड छान जुळून आले. मनगटाला व्यायाम शिकवायचा म्हणून मला बोलावले गेले. गेले तर मनगट ठीकच होते. आजी मात्र पलंग सोडायला तयार नव्हत्या. न्हाणीघरापर्यंत जायचे तरी सुनेचा दंड घट्ट धरून. नाशिकची लेक रोज सकाळी न चुकता सुविचार पाठवी: धीर सोडू नकोस, उठ, जग तुझी वाट पाहते आहे, अशा आशयाचे. आजींनी फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, “रोज हा मला सांगतो, उठ म्हणून. कशी उठू, ते कुणी सांगत नाही.”

त्या एका वाक्यातून आमचा उद्योग सुरू झाला. आम्ही सुविचार टाकून दिले नाहीत. प्रत्येक ओळीखाली आणखी एक ओळ लिहिली. वरची ओळ मनासाठी, खालची हातापायांसाठी. खालच्या ओळीत एकच कृती, आणि तीही अशी की ती केव्हा, कुठे आणि किती करायची हे वाचणाऱ्याला विचारावे लागू नये.

ही युक्ती मला आकाशातून सुचली नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्वित्झर यांनी 1999 साली आपल्या एका प्रसिद्ध लेखात हाच मुद्दा मांडला होता: ‘मी व्यायाम करीन’ असा नुसता संकल्प सोडण्यापेक्षा ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ असे ठरविलेले माणसाच्या हातून अधिक वेळा पार पडते. कारण साधे आहे. नुसत्या संकल्पाला आठवण ठेवावी लागते आणि धीर गोळा करावा लागतो. दिवसात आपोआप घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला कृती बांधून ठेवली की ती गोष्टच आठवण करून देते. चहाचा कप रिकामा होणे, सांजवात लागणे, मालिकेचे शीर्षकगीत सुरू होणे, या खुणा उतारवयातही सहसा चुकत नाहीत.

आजींच्या पहिल्या कार्डावर वरची ओळ होती: ‘भीती असू दे, पाय जमिनीवर असू देत.’ ही ओळ आजींनीच मंजूर केली. त्याआधी मी सुचविलेल्या दोन ओळी त्यांनी नुसते “हं” म्हणून बाजूला सारल्या होत्या. एकीत मी ‘भिऊ नका’ असे लिहिले होते. पडलेल्या माणसाला भिऊ नका म्हणणे म्हणजे त्याची भीती खोटी ठरविणे. ओळ निवडताना एवढे पाहावे की वाचणाऱ्याच्या तोंडून “बरं” निघते की “हं”.

खालची ओळ अशी: ‘सकाळचा चहा संपला की, भिंतीला टेकविलेल्या लाकडी खुर्चीतून तीन वेळा उठणे आणि बसणे. सूनबाई समोर उभ्या.’

या कृतीविषयी थोडे विस्ताराने सांगते, कारण ती बहुतेक घरांत उपयोगी पडेल आणि चुकीची केली तर अंगाशीही येईल. खुर्ची लाकडी किंवा लोखंडी, हातांची आणि जड असावी. प्लास्टिकची खुर्ची हलकी असते. बसताना ती मागे सरकते. सोफा खोल असतो, त्यातून उठणे तरुणांनाही जड जाते. खुर्चीची बैठक साधारण सतरा-अठरा इंच उंच असावी. बसल्यावर गुडघे कमरेच्या वर जात असतील तर घट्ट घडी घातलेली सतरंजी खाली द्यावी. गुळगुळीत फरशीवर मोजे नकोत. साडी असेल तर निऱ्या घोट्याच्या वर राहतील अशा खोचाव्यात. आजींच्या पहिल्याच प्रयत्नात पाऊल निरीवर पडले होते, म्हणून हे सांगते.

आता उठायचे कसे. आधी बैठकीच्या पुढल्या कडेला सरकावे. पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत. मग कमरेतून पुढे वाकावे, इतके की नाक पावलांच्या बोटांवर येईल. बहुतेक वृद्ध इथेच चुकतात: पडण्याच्या भीतीने धड मागे ठेवतात आणि नुसते हातांनी ओढून उठू पाहतात. भार मागेच राहतो, म्हणून ढुंगण उचलतच नाही आणि उचलले तरी माणूस परत धपकन बसतो. वाकल्यावर भार पावलांवर येतो आणि मांड्यांचे स्नायू आपले काम करू लागतात. उभे राहिल्यावर दोन श्वास थांबावे आणि बसताना घाई न करता मनात तीन आकडे मोजत खाली यावे. हे सावकाश बसणेही स्नायूंना उठण्याइतकेच बळ देते. कमोडवरून उठताना आपण नेमकी हीच हालचाल करतो; म्हणून आजींचे न्हाणीघर या खुर्चीतूनच परत मिळणार होते.

सुरुवातीला हातांवर जोर देऊन उठायला हरकत नाही. आजींचे मनगट नुकतेच बरे झाले होते, म्हणून जोर उजव्या हातावर घ्यायला सांगितले. कार्डाच्या तळाशी मी लाल शाईने थांबण्याच्या खुणाही लिहिल्या: छातीत दुखले किंवा दाटून आले, चक्कर आली, बोलता न येण्याइतकी धाप लागली, तर तिथेच बसायचे आणि घरच्यांना सांगायचे. छातीतले दुखणे बसल्यावरही थांबले नाही तर कार्ड बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठायचे. गुडघे थोडे कुरकुरतील, ते चालते. पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणे वाढलेलेच राहिले तर आदल्या दिवशी जास्त झाले असे समजून संख्या कमी करायची.

या कृतीचे मापही घरी घेता येते. हात छातीवर दुमडून, अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे, आणि मोजताना शेजारी कुणी तरी उभे असावे. पंचाहत्तर ते एकोणऐंशी वयाच्या स्त्रीला दहापेक्षा कमी वेळा उठता आले तर तिला पडण्याचा धोका अधिक आहे, असे या चाचणीत मानतात. हातांचा आधार घ्यावाच लागला तर शून्य धरतात. आजींचा पहिला आकडा शून्यच होता. दोन महिन्यांनी तो सात झाला. म्हणजे अजून पुरेसा नाही. पण सुनेचा दंड मोकळा झाला होता.

दुसरे कार्ड रात्रीसाठी होते. वरची ओळ: ‘रात्री घाई कुणालाच नसते.’ खाली: ‘जाग आली की दिवा लावणे. पलंगाच्या कडेला पाय सोडून बसणे. पावले वीस वेळा वर-खाली हलविणे. मगच उठणे.’ पडून असताना शरीरातले रक्त सारखे वाटलेले असते. एकदम उभे राहिले की ते पायांकडे उतरते आणि उतारवयात रक्तवाहिन्या ते लगेच आवरून धरीत नाहीत. रक्तदाबाच्या, लघवीच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी ही उतरण वाढते. डोळ्यांपुढे अंधारी येते ती यामुळे. पोटऱ्या हलविल्या की त्या रक्त वर ढकलतात.

आपल्या घरी रक्तदाब मोजण्याचे यंत्र असेल तर पाच मिनिटे पडून राहिल्यावर एकदा मोजावा, मग उभे राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजावा. वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला तर ते आकडे लिहून डॉक्टरांना दाखवावेत. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये. आजींचा आकडा चोवीसने उतरत होता. त्यांच्या डॉक्टरांनी औषधाची वेळ आणि मात्रा बदलली. या कार्डाने एवढे तरी साधले की पाण्याचा तांब्या, चष्मा आणि दिव्याचे बटण आजींच्या हाताशी आले. त्याआधी बटण दाराजवळ होते, म्हणजे उजेड करण्यासाठी अंधारातून चालत जावे लागे!

इथे मला थोडे थांबून सावध करायचे आहे. आमची ही दोन कार्डे लेकीला इतकी आवडली की तिने त्यांची छायाचित्रे नात्यातल्या सगळ्यांना पाठविली. उलट दिशेनेही काही आले: एका दूरच्या भाच्याकडून तशाच धाटणीचे कार्ड, वर जलाची महती आणि खाली ‘रोज उठल्याबरोबर चार पेले पाणी पिणे’ अशी कृती. कृती नेमकी होती, वेळही होती, मोजमापही होते. पण आजींच्या थोरल्या जाऊबाईंचे हृदय अशक्त आहे आणि डॉक्टरांनी त्यांना दिवसभराचे पाणी मोजून दिले आहे. त्यांनी ते कार्ड मनावर घेतले असते तर पायांवर सूज आणि रात्री धाप ठरलेलीच. मूत्रपिंडाच्या काही आजारांतही पाण्याला अशीच मर्यादा असते. नुसता सुविचार निरुपद्रवी असतो, कारण तो काही करायला सांगत नाही. कृती जोडली की तो औषधासारखा होतो. म्हणून वरची ओळ हवी त्याला पाठवावी. खालची ओळ ज्या माणसासाठी लिहिली त्याच्याच घरात राहावी.

खालची ओळ जमली की नाही हे कसे ओळखावे? मी एक कसोटी लावते. दारातून डोकावणाऱ्या शेजारणीला ती कृती झाली की नाही हे दिसेल का? ‘आनंदी राहणे’, ‘सकारात्मक विचार करणे’, ‘स्वतःवर प्रेम करणे’ हे शेजारणीला दिसत नाही. अशी ओळ खाली लिहिली तर एका सुविचाराचे दोन झाले, इतकेच. ‘गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालणे’ हे दिसते. दुसरी चूक उलट्या टोकाची: ‘रोज अर्धा तास चालणे’. दिसते खरे, पण दोन महिने अंथरुणावर असलेल्याला ते पहिल्याच दिवशी नापास करते. आजींच्या घरी आम्ही दिनदर्शिकेच्या त्या त्या तारखेवर पेन्सिलीने फुली मारीत असू. आठवड्यात चार दिवस फुली नसेल तर आजींना बोलायचे नाही, कार्ड बदलायचे, असा ठराव होता. तिसऱ्या आठवड्यात तसे झालेही. संध्याकाळी गॅलरीपर्यंत चालायचे कार्ड दोनच दिवस पार पडले. कारण शोधता कळले की त्याच वेळी नातू गॅलरीत शिकवणीला बसतो आणि आजींना त्याला उठविणे नको वाटते. वेळ दुपारच्या चहानंतरची केली. फुल्या परत उमटल्या.

कार्डे करायला काही खास लागत नाही. आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी वापरल्या. पांढऱ्यावर काळी, ठळक, बोटाच्या पेराएवढी अक्षरे. मागे फूल नाही, सूर्य नाही. मोतीबिंदू किंवा काचबिंदू असलेल्या डोळ्यांना चित्रावरची सोनेरी अक्षरे दिसतच नाहीत. खालची ओळ वरच्या ओळीपेक्षा मोठी लिहावी. भोके पाडून, सुतळीत ओवून दिनदर्शिकेशेजारच्या खिळ्याला लटकविली की झाले. लांब राहणाऱ्या लेकींना फोनवरच पाठवायची असतील तर ओळ आणि कृती एकाच चित्रात ठेवाव्यात. पहिल्या चित्रात विचार आणि सरकविल्यावर दुसऱ्यात कृती अशी रचना दिसायला छान. पण पुष्कळ आजी-आजोबा पहिलेच चित्र पाहून, हात जोडून, पुढे जातात. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवरही ठेवू नये. ते चोवीस तासांत नाहीसे होते, आणि ही कृती तर परवाही करायची असते.

चौथे कार्ड आजींचे नव्हते. ते सूनबाईंचे होते. वर: ‘सांभाळणाऱ्यालाही कुणी सांभाळावे.’ हे वाक्य आपण सगळेच बोलतो आणि तिथेच सोडतो. खाली आधी लिहिले होते: ‘रविवारी चार ते सहा विश्रांती.’ शेजारणीच्या कसोटीला हे उतरत नाही, हे मलाही उशिराच ध्यानात आले. पहिल्या रविवारी त्या दोन तासांत सूनबाईंनी डबे घासले, दुसऱ्या रविवारी पापड वाळत घातले. घरात असलेली बाई विश्रांतीत आहे हे घराला कधी पटत नाही. म्हणून ओळ बदलली: ‘रविवारी चार वाजता चप्पल घालून घराबाहेर पडणे, सहाच्या आत न परतणे. आजींजवळ त्यांचा मुलगा बसेल.’ त्याचे नावही कार्डावर घातले, कारण ‘कुणीतरी बसेल’ असे लिहिले की कुणीच बसत नाही. पहिल्या वेळी त्याने दोन तासांत तीनदा फोन केला. औषधाची डबी कुठे, चहात साखर किती, हे विचारायला. आता एकदाही करीत नाही.

या कार्डांची मर्यादाही सांगायला हवी. दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोजच उदासी, झोप उडालेली, जेवणावरची वासना गेलेली, ‘आता कशाला जगायचे’ असे बोलणे, हे दिसले तर सुविचार आणि कृती दोन्ही अपुरे आहेत. उतारवयातले नैराश्य हा औषधोपचाराने बरा होणारा आजार आहे आणि त्यासाठी डॉक्टरच हवेत. विस्मृतीचा आजार असेल तर रुग्णाने कार्ड वाचून वागावे अशी अपेक्षा ठेवू नये. तिथे कार्ड सांभाळणाऱ्याने वाचायचे आणि कृती रुग्णाच्या बरोबर करायची.

मागच्या महिन्यात मी आजींकडे शेवटची गेले. सुतळीत सहा कार्डे होती. सहावे माझ्या ओळखीचे नव्हते. अक्षर आजींचे, थोडे हललेले. डाव्या मनगटाने कागद दाबून धरला असावा. वर लिहिले होते: ‘मला अजून कामे येतात.’ खाली, मोठ्या अक्षरांत: ‘गुरुवारी भाजीवाला आला की मेथीची जुडी माझ्यासमोर आणून ठेवणे. निवडलेली परत निवडू नये.’

मी वाचून सूनबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, “पहिल्या गुरुवारी मी परत निवडली होती. त्यांनी पाहिलं.”